चार डिस्क आणि एक हुकूम

एका संस्थेच्या दप्तरखान्यातील मोडी कागदांची छायाचित्रे ज्या संगणकावर जतन केली जातात, त्याच्या देखभालीचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. त्या काळात घडलेल्या दोन प्रसंगांनी रेड या व्यवस्थेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा मला सारख्याच स्पष्टपणे दाखविली. पहिल्या प्रसंगी एक डिस्क निकामी झाली आणि एकही छायाचित्र गेले नाही. दुसऱ्या प्रसंगी चारही डिस्क धडधाकट होत्या आणि वीस महिन्यांचे काम दहा मिनिटांत नाहीसे झाले.

रेडची कल्पना १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एका निबंधात मांडली. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जुंपाव्यात, आणि डिस्कांची संख्या वाढली की त्यांतली एखादी बिघडण्याचा संभवही वाढतो म्हणून त्या बिघाडाची भरपाई करणारी थोडी अधिक माहिती त्यांच्यातच साठवावी, असा त्यांचा विचार होता. लिनक्समध्ये हे काम कर्नलमधील md नावाचा भाग करतो; त्याला हुकूम देण्याचे आणि त्याची खबरबात घेण्याचे साधन म्हणजे mdadm, जे नील ब्राउन यांनी २००१ साली लिहिले. हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण अ‍ॅरे एकदा उभा राहिला की त्याचा रोजचा कारभार कर्नल पाहते, आणि mdadm चे काम उभारणी, दुरुस्ती आणि पहारा एवढेच उरते.

आमच्या संगणकात चार टेराबाइटच्या चार डिस्क होत्या आणि त्यांचा रेड-५ अ‍ॅरे मी पुढील हुकमाने बांधला होता.

```
mdadm --create /dev/md0 --level=5 --raid-devices=4 \
  /dev/sdb1 /dev/sdc1 /dev/sdd1 /dev/sde1
```

हा हुकूम प्रत्येक डिस्कवर सुपरब्लॉक नावाची एक छोटी नोंद लिहितो: हा अ‍ॅरे कोणता, त्यात सभासद किती, आणि मी त्यांतला कितवा. या नोंदीमुळेच डिस्कांच्या तारा उलटसुलट जोडल्या गेल्या तरी अ‍ॅरे पुन्हा बिनचूक जुळतो. नंतर माहितीचे ५१२ किलोबाइटचे तुकडे पाडून ते डिस्कांवर आळीपाळीने ठेवले जातात. तीन डिस्कांवर तीन तुकडे आणि चौथीवर त्या तिघांची पॅरिटी असा एक पट्टा होतो, आणि पॅरिटीची जागा दर पट्ट्यागणिक बदलत जाते, जेणेकरून तिच्या लेखनाचा भार एकाच डिस्कवर पडू नये. चार डिस्कांपैकी एका डिस्कइतकी जागा अशी पॅरिटीत जाते आणि बारा टेराबाइट वापरास उरतात.

पॅरिटी म्हणजे काय, हे चार-चार अंकांच्या उदाहरणाने पाहू. तीन तुकडे १०११, ०११० आणि ११०० असे आहेत असे समजा. प्रत्येक रकान्यात एकांची संख्या विषम असेल तर १, सम असेल तर ० लिहावा, हा नियम लावला की पॅरिटी ०००१ येते. आता दुसरी डिस्क गेली. उरले १०११, ११०० आणि ०००१. यांनाच तोच नियम लावा, ०११० हा गेलेला तुकडा जसाच्या तसा हाती येतो. यात गेलेल्या तुकड्याची प्रत कोठेही ठेवलेली नव्हती. उरलेल्यांच्या साक्षीवरून तो सिद्ध केला गेला. मात्र दोन तुकडे एकदम गेले तर एका समीकरणातून दोन अज्ञाते निघत नाहीत, आणि रेड-५ चे सहनसामर्थ्य तेथेच संपते.

रेडच्या अन्य प्रकारांचे सहनसामर्थ्य याच दृष्टीने समजून घ्यावे. रेड-० मध्ये पॅरिटीही नाही आणि प्रतही नाही. एक डिस्क गेली की सर्वस्व गेले. रेड-१ मध्ये प्रत्येक डिस्क दुसरीची हुबेहूब प्रत असते, म्हणून एक जरी शिल्लक राहिली तरी काम चालते. रेड-६ मध्ये पॅरिटीच्या जोडीला निराळ्या गणिताने काढलेली दुसरी भरपाईची माहिती असते, त्यामुळे कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी चालतात. चार डिस्कांच्या रेड-१० मध्ये जोड्या असतात: एक कोणतीही जावी, परंतु दुसरी गेलीच तर ती पहिलीची जोडीदार नसावी, आणि उरलेल्या तिघींपैकी एक तर जोडीदार असतेच.

आता पहिला प्रसंग. एके सकाळी mdadm च्या पहाऱ्याकडून ई-मेल आली, आणि /proc/mdstat उघडताच या ओळी दिसल्या.

```
md0 : active raid5 sde1[4] sdd1[2] sdc1[1](F) sdb1[0]
      level 5, 512k chunk, algorithm 2 [4/3] [U_UU]
```

यांतील शेवटचा कंस हाच खरा आरोग्यलेख होय: U म्हणजे हजर आणि अधोरेषा म्हणजे गैरहजर. दप्तरखान्यातील मंडळी त्या वेळीही छायाचित्रे उघडत होती आणि कोणाला काही जाणवलेही नव्हते, कारण sdc वरचा प्रत्येक तुकडा मागणीबरहुकूम गणिताने तयार करून दिला जात होता. मी प्रथम smartctl -i या हुकमाने निकामी डिस्कचा अनुक्रमांक काढून घेतला. पेटीतल्या चार डिस्क बाहेरून एकसारख्या दिसतात, आणि या अवस्थेत चुकून चांगली डिस्क उपसली गेली तर अ‍ॅरे त्याच क्षणी कोसळतो. मग जुनी काढून नवी घातली.

```
mdadm /dev/md0 --remove /dev/sdc1
mdadm /dev/md0 --add /dev/sdf1
```

पुनर्बांधणी सुरू झाली. सेकंदाला दीडशे मेगाबाइट या वेगाने चार टेराबाइट भरावयास साडेसात तासांच्या आसपास लागतात, आणि संगणकावर दुसरे काम चालू असेल तर याहून पुष्कळ अधिक. हे तास रेड-५ च्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचे असतात. उरलेल्या तिन्ही डिस्क, म्हणजे सगळे मिळून बारा टेराबाइट, अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात, आणि जे कोपरे वर्षानुवर्षे कोणी वाचले नव्हते त्यांतील दोष नेमके याच वेळी उघडकीस येतात. साध्या डिस्कांचे उत्पादक दहाचा चौदावा घात इतक्या बिटांमागे, म्हणजे साडेबारा टेराबाइटांमागे, फार तर एक न वाचता येणारा दोष अशी हमी देतात. प्रत्यक्षात डिस्क याहून चांगल्या निघतात. तरी हमीचा आकडा आणि आपल्या वाचनाचा आकडा इतके जवळ आले असता मोठ्या डिस्कांसाठी रेड-६ पत्करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या सुप्त दोषांवरील खरा उपाय म्हणजे सर्व डिस्क सुस्थितीत असतानाच अ‍ॅरेची नियमित पडताळणी करणे.

```
echo check > /sys/block/md0/md/sync_action
```

या पडताळणीत न वाचता येणारा तुकडा सापडला तर md तो पॅरिटीवरून सिद्ध करून पुन्हा लिहितो. परंतु एखादा तुकडा वाचता आला आणि त्यातील मजकूरच चुकीचा असला, तर पट्टा जुळत नाही एवढेच रेड-५ ला कळते. साक्षीदारांपैकी खोटे कोण बोलतो हे ठरविण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. अशा वेळी दुरुस्तीचा हुकूम दिला तर तो माहितीवर विश्वास ठेवून पॅरिटी नव्याने लिहितो, आणि चूक कायम होते.

आमची पुनर्बांधणी संध्याकाळी पूर्ण झाली, [UUUU] ही अक्षरे पुन्हा दिसली, आणि त्या यशाने आम्हा सर्वांच्या मनात एक चुकीची खात्री रुजविली. बाहेरच्या डिस्कवर प्रत काढून कपाटात ठेवण्याचा जो शिरस्ता होता तो तेव्हापासून सुटला. अ‍ॅरे आहे, मग प्रत कशाला, असे कोणीतरी म्हणाले आणि मी त्याला हटकले नाही. तो दोष माझा होता.

दुसरा प्रसंग वीस महिन्यांनी घडला. छायाचित्रांची निवड करणाऱ्या एका कार्यकर्त्याच्या संगणकावर जागा उरली नव्हती. आपल्या जवळची कामापुरती प्रत काढून टाकतो आहोत या समजुतीने त्याने त्याच नावाचा जो फोल्डर निवडला, तो नेटवर्कवरून दिसणारा अ‍ॅरेवरचा मूळ फोल्डर होता. नेटवर्कवरील फोल्डर असा पुसला असता तो विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. मी धावत येऊन पडद्यासमोर बसलो तेव्हा फोल्डर रिकामा होता, आणि mdstat मध्ये चारही U तेवढ्याच निर्धास्तपणे उभे होते.

अ‍ॅरेच्या दृष्टीने काहीही बिघडले नव्हते. पुसण्याचा हुकूम आला आणि त्याने चारही डिस्कांवर, पॅरिटीसह, त्याची चोख तामिली केली. रेड केवळ एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: डिस्क गेली तर काम चालू राहील काय? हुकूम योग्य होता काय, कालचा मजकूर काय होता, हे प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत, कारण त्याच्यापाशी फक्त आत्ताची स्थिती असते. चोरी, आग, वीजपुरवठ्यातून चारही डिस्कांना एकदम बसलेला तडाखा, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा विषाणू, आणि गोंधळलेल्या अवस्थेत --assemble ऐवजी पुन्हा --create चा हुकूम देऊन डिस्कांचा क्रम बदलून टाकणारा देखभालकार, यांपैकी कोणापासूनही तो रक्षण करीत नाही.

नक्कल, म्हणजे बॅकअप, ही याहून वेगळी तजवीज आहे. ती दुसऱ्या यंत्रावर असावी लागते, तिच्यात मागील तारखांच्या आवृत्त्या असाव्या लागतात, आणि मूळ यंत्रावर दिलेला हुकूम तिच्यापर्यंत पोहोचता कामा नये; म्हणून नक्कल घेणाऱ्या यंत्राने स्वतः येऊन माहिती ओढून न्यावी, मूळ यंत्राला तिकडे लिहिण्याचा अधिकारच देऊ नये. शिवाय ती परत मिळते की नाही हे पाहिलेले असावे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसची डेटा-डिरेक्टरी पुसली गेली. नियमित बॅकअपच्या अनेक व्यवस्था कागदोपत्री असूनही त्या वेळी उपयोगी पडल्या नाहीत, आणि अखेर सुमारे सहा तास आधी योगायोगाने काढलेल्या एका प्रतीवरून काम मार्गी लागले. हे त्या कंपनीने स्वतःच जाहीरपणे लिहून ठेवले आहे.

आम्हाला कपाटातल्या डिस्कवर त्या वीस महिन्यांपूर्वीची छायाचित्रे मिळाली. नंतरच्यांपैकी काही कार्यकर्त्यांच्या संगणकांवर विखुरलेली सापडली. उरलेले रुमाल पुन्हा सोडून, कागद पुन्हा पसरून छायाचित्रे काढावी लागली आणि त्यात पाच महिने गेले. आता दुसऱ्या इमारतीतील एक संगणक रोज रात्री नक्कल ओढून नेतो, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या नकलेतून कोणताही एक रुमाल काढून मूळ कागदाशी ताडून पाहिला जातो. आपल्याकडे असा अ‍ॅरे असेल, तर वाचकहो, हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी आपल्या नकलेतून एक फाइल परत काढून उघडून पाहावी.