मोफत कोट्याचा काठ

गूगलच्या फायरस्टोअर या डेटाबेसचा दिवस भारतात भर दुपारी उजाडतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मध्यरात्र झाली की त्याचा रोजचा मोफत कोटा नव्याने भरतो, आणि त्या वेळी आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. म्हणून सकाळी दहाला ठाण्यातल्या एखाद्या सोसायटीचे अ‍ॅप अचानक रिकामे दिसू लागले आणि जेवणाच्या सुमारास आपोआप सुरू झाले, तर इंटरनेटला दोष देण्याआधी कोटा संपला होता का ते पाहावे.

हा कोटा असा आहे: रोज 50,000 वाचने, 20,000 लेखने, 20,000 खोडण्या आणि एकूण 1 जीबी साठवण. यातल्या ‘वाचन’ या मापाचा अर्थ नीट समजला, तर पुढचे बिल समजते. डेटाबेसमधली एक नोंद एकदा मागवली की एक वाचन झाले. नोंद दोन ओळींची असो की दोन पानांची, मोजणी एकच. शोध घेतला आणि काहीच सापडले नाही, तरीही एक वाचन लागते. इतकेच काय, मालकाने स्वतःच्या नोंदी पाहायला कन्सोल उघडला, तर तिथे दिसणाऱ्या नोंदीही त्याच कोट्यातून जातात.

आता एक हिशेब करून पाहू. समजा, त्या सोसायटीच्या अ‍ॅपमध्ये 300 सूचना साठल्या आहेत आणि अ‍ॅप उघडले की सगळी यादी नव्याने येते. दिवसभरात अ‍ॅप 200 वेळा उघडले, तर 60,000 वाचने झाली. म्हणजे कोट्यापेक्षा 10,000 जास्त.

इथे दोन वाटा फुटतात. खात्याला कार्ड जोडलेले नसेल, म्हणजे फायरबेसचा ‘स्पार्क’ प्लॅन असेल, तर कोटा संपला की वाचन नाकारले जाते. प्रोग्रामला `RESOURCE_EXHAUSTED` असे उत्तर मिळते आणि दुपारपर्यंत सूचना दिसत नाहीत. बिल शून्य. कार्ड जोडून ‘ब्लेझ’ प्लॅन घेतला असेल, तर अ‍ॅप अडत नाही, मीटर चालू होतो. मात्र मीटर फक्त वरच्या 10,000 वाचनांवर चालतो. महावितरणच्या बिलात 101 व्या युनिटला वरचा दर लागला म्हणून आधीची 100 युनिटे महाग होत नाहीत, तसेच हे. अमेरिकेतल्या ‘nam5’ या ठिकाणी डेटाबेस असेल तर दर एक लाख वाचनांना 6 सेंट आहे. म्हणजे 10,000 ना 0.6 सेंट. डॉलर 90 रुपये धरला तर साधारण 54 पैसे. महिन्याचे 16 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. एका वडापावाच्या आसपासचा खर्च!

काठ ओलांडला की एकदम हजारोंचा भुर्दंड बसतो, ही भीती म्हणूनच चुकीची आहे. पण निश्चिंत होण्याआधी तेच अ‍ॅप वर्षभराने पाहू. सूचना 600 झाल्या, रोज 400 वेळा अ‍ॅप उघडू लागले. दोन्ही गोष्टी फक्त दुप्पट झाल्या. वाचने मात्र चौपट झाली, 2,40,000. त्यातून मोफतचे 50,000 वजा केले की उरतात 1,90,000. आधी पैसे 10,000 वाचनांचे पडत होते, आता एकोणीसपट वाचनांचे पडतात. रोजचे दहा रुपये, महिन्याचे तीनशेच्या वर. वापर वाढतो तसा मोफत भाग वाढत नाही, तो आहे तिथेच राहतो. त्यामुळे काठाजवळ असलेल्याचे बिल त्याच्या वापरापेक्षा फार जोरात पळते.

या गुणाकाराचे टोक 2018 मध्ये कोलंबियातल्या एका लोकवर्गणी जमवणाऱ्या संकेतस्थळाने अनुभवले. एक मोहीम गाजली, लोक लोटले. किती पैसे जमले हे दाखवायला ते पान दर भेटीला सगळ्या देणगीदारांच्या नोंदी वाचत होते. 72 तासांच्या आत सुमारे 30,000 डॉलरचा आकडा उभा राहिला. बेरीज एका वेगळ्या नोंदीत ठेवून ती एकच वाचली असती, तर प्रत्येक भेटीला त्यासाठी एक वाचन पुरले असते.

सोसायटीलाही तोच उपाय लागू आहे. पहिल्या पानावर ताज्या 20 सूचना आणायच्या, शोधाला `limit(20)` जोडायचे. 400 वेळा उघडूनही 8,000 वाचने होतात आणि कोट्यातले बरेच शिल्लक राहते. शिल्लक उद्याला जमा होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. रविवारी फक्त पाच हजार वाचने झाली म्हणून सोमवारी लाखभर मोफत मिळत नाहीत. महिन्याची सरासरी कोट्यात असूनही वार्षिक सभेच्या एका दिवसाचे पैसे पडू शकतात.

संगणनाचा मोफत भाग वेगळ्या मापाने मोजतात, तासांच्या. गूगल क्लाउडवर e2-micro हा छोटा सर्व्हर महिनाभर फुकट मिळतो. तो एक यंत्र म्हणून नाही, महिन्यात जितके तास तितके तास म्हणून. 30 दिवसांच्या महिन्यात 720 तास. दोन सर्व्हर महिनाभर चालवले तर 1440 तास भरतात आणि वरच्या 720 तासांचे, ताशी सुमारे 0.84 सेंट दराने, सहा डॉलर लागतात. दोन्ही अर्धा अर्धा महिना चालवले तर काहीच नाही.

पण इथे खरा घोळ तासांमुळे होत नाही. ही सवलत ओरेगन, आयोवा आणि साउथ कॅरोलायना या तीनच ठिकाणी आहे. आपल्या माणसाला मुंबई जवळची वाटते, तो `asia-south1` निवडतो आणि पहिल्या मिनिटापासून पैसे मोजतो. दुसरा खड्डा डिस्कचा. मोफत 30 जीबी ‘स्टँडर्ड’ डिस्कचे आहेत, तर कन्सोलवर सहसा ‘बॅलन्स्ड’ आधीच निवडलेली असते. तिचा 10 जीबीचा आकारही आयोवात महिना एक डॉलर घेतो. सर्व्हर बंद ठेवला तरी घेतो, कारण डिस्क जागा अडवून बसलेलीच असते. अशा बिलात कोटा ओलांडलेला नसतोच. जी वस्तू कोट्यात नव्हती, तीच वापरली जात असते.

कुठले कारण आहे हे बिलिंगच्या रिपोर्टमध्ये कळते. तिथे प्रकल्पाऐवजी ‘एसकेयू’नुसार रक्कम लावून घ्यावी. वाचनांची ओळ काही दिवसच वर उडालेली असेल तर कोटा ओलांडला गेला आहे. रोज तेवढीच रक्कम पडणारी डिस्कची ओळ असेल तर निवड चुकली आहे.

अनेकजण बजेट नावाची सोय लावून निर्धास्त होतात. पाच डॉलरचे बजेट लावले म्हणजे पाच डॉलरवर वापर थांबत नाही. फक्त ईमेल येतो, आणि वापराचा हिशेब उशिराने पोहोचत असल्याने तोही मागाहून येऊ शकतो. खर्च खरोखर थांबवायचा तर बजेटच्या सूचनेवरून प्रकल्पाचे बिलिंग तोडणारा छोटा प्रोग्राम लिहावा लागतो. गूगलने त्याची पद्धत दिलेली आहे, पण ती आंधळी आहे. बिलिंग तुटले की मोफत कोट्यात चालणारा सर्व्हरही बंद पडतो, आणि काही साधने परत न मिळण्यासारखी पुसली जाऊ शकतात. सोसायटीच्या सूचनांसाठी हा इलाज वापरण्याआधी नोंदींची एक प्रत बाहेर काढून ठेवावी लागेल, आणि ती काढतानाही प्रत्येक नोंदीला एक वाचन लागेल.