अधिकार होता, प्रमाण नव्हते

एप्रिल 2018मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना आदेश दिला: आभासी चलनाचा व्यवहार करणाऱ्यांना सेवा देऊ नका. चलनावर बंदी नव्हती, पण बँक खाते नसेल तर ते विकणारा धंदा करणार कसा? व्यवसायाचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या कलम 19मध्ये आहे आणि त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही तिथेच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचा अधिकार मान्य केला. मग प्रमाणबद्धतेची कसोटी लावली: या धंद्यामुळे बँकांना काही नुकसान झाले का? कमी जाचक पर्याय तपासले का? माझ्या मते खरा कस इथेच लागतो, कारण हेतू चांगला होता हे सांगणे कोणालाही सोपे असते. रिझर्व्ह बँकेला नुकसान दाखवता आले नाही. 4 मार्च 2020 रोजी आदेश रद्द झाला.