ई-सिमचा क्यूआर कोड एकदाच चालतो. घाईत 'डिलीट' केलंत तर नंबर अडकेल

नवीन फोन घेतला की दुकानदार सांगतो, "यात ई-सिम पण चालतं." मग घरी येऊन पोरं लगेच ते करायला बसतात. गेल्या आठवड्यात आमच्या एका वाचकाने असंच केलं आणि वडिलांचा नंबर दोन दिवस बंद पडला. नंबर बँकेला जोडलेला, दुधाचे पैसे त्याच खात्यात. चूक छोटीच होती, पण बरेच जण तीच करतात.

आधी फोन ई-सिमचा आहे का ते बघा. डायल पॅडवर *#06# दाबा. खाली EID नावाचा ३२ आकडी नंबर दिसला तर बहुतेक चालेल. फक्त IMEI दिसत असेल तर विषय तिथंच संपला.

मग जो नंबर ई-सिम करायचा, त्याच सिमवरून मेसेज पाठवायचा. एअरटेलला eSIM लिहून, जागा सोडून आपला ई-मेल, 121 वर. व्हीआयला तसाच मेसेज 199 वर. जिओची पद्धत वेगळी आहे, त्यात EID आणि IMEI द्यावे लागतात. ई-मेल कंपनीकडे नोंदवलेलाच हवा, नाहीतर पुढे काही सरकत नाही. कंपनी उलट मेसेज करून खात्री करते, त्याला वेळेत उत्तर द्या. मग ई-मेलवर क्यूआर कोड येतो.

इथं पहिली अडचण येते. कोड आला त्याच फोनवर, आणि स्कॅनही त्याच फोनने करायचाय! स्वतःच्या स्क्रीनकडे कॅमेरा कसा धरणार? सोपा उपाय म्हणजे तोच ई-मेल घरातल्या दुसऱ्या फोनवर उघडा किंवा कोडची प्रिंट काढा. कोडचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नका. तो आधी दुसऱ्या कुणी स्कॅन केला तर नंबर त्याच्या फोनात जाईल.

स्कॅन करताना इंटरनेट लागतं, कारण कोडमध्ये सिम नसतं, फक्त कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता आणि एक खूण असते. खरं सिम तिथून डाऊनलोड होतं. म्हणून शेजारच्याचं हॉटस्पॉट जोडून घ्या. जुन्या सिमच्या डेटावर विसंबू नका, ते मधेच बंद होऊ शकतं. आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या मोबाईलच्या भागात Add eSIM असतं, सॅमसंगमध्ये Connections मध्ये जाऊन SIM manager. बाकीच्या फोनवर सेटिंग्जच्या शोधात eSIM टाका, सापडतं.

आता आपल्या वाचकाचं काय झालं ते सांगतो. त्याने सकाळी भावाच्या फोनवर कोड उघडून स्कॅन केला. ई-सिम आलं, पण रेंजच्या जागी No Service. दहा मिनिटं वाट बघितली, मग "हे बिघडलं" म्हणून सेटिंग्जमधून ई-सिम डिलीट केलं आणि परत स्कॅन केलं. या वेळी कोड चालेना. तो एकदाच वापरायचा असतो, एकदा सिम उतरवलं की सहसा परत उतरत नाही. तोवर जुनं सिमही बंद झालेलं. मेसेज पाठवायला नंबरच नाही, त्यामुळे तालुक्याच्या गॅलरीत ओळखपत्र घेऊन जावं लागलं.

खरं तर त्याचं काही बिघडलंच नव्हतं. सिम उतरणं आणि नेटवर्कने तो नंबर नव्या सिमवर वळवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्याला कधी काही तास लागतात. जुन्या सिमची रेंज गेली की समजायचं, बदल सुरू झाला. फोन एकदा बंद-चालू करा, सिम सुरू आहे का बघा, आणि थांबा. 'डिलीट'ला हात लावू नका. जुनं कार्डही लगेच फेकू नका.

रेंज आली तरी लगेच ओटीपी येईल असं नाही. सिम बदलल्यावर सुरक्षेसाठी २४ तासांपर्यंत मेसेज बंद ठेवले जातात. कॉल चालतात, ओटीपी येत नाही. यूपीआय अ‍ॅपही नवं सिम बघून पुन्हा मेसेजने खात्री मागतं, म्हणजे तेही अडकतं. पीक विम्याची शेवटची तारीख किंवा बाजाराचा आदला दिवस असेल तर हे काम पुढे ढकला.

कुणी फोन करून "तुमचं सिम अपडेट करतो, आलेल्या मेसेजला हो म्हणा" असं सांगितलं तर फोन ठेवा. तुमचा होकार म्हणजे तुमचा नंबर त्याच्या फोनात, आणि पुढचे ओटीपीही त्यालाच. तुम्ही काही न करता रेंज गेली आणि परत येईना, तर दुसऱ्या फोनवरून आधी कंपनीला आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर 1930 वर तक्रार करा.

शेवटचं एक. फोन पडून फुटला तर साधं सिम काढून बटणाच्या फोनमध्ये टाकता येतं, ई-सिम तसं काढता येत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या, बँकेला जोडलेल्या एकुलत्या एका नंबरावर हा प्रयोग न केलेलाच बरा.