पाकिटावरचं ७०:३०

माटुंग्याच्या कॉफीच्या दुकानात पावडर मागितली की दुकानदार आधी दोन गोष्टी विचारून घेतो: प्युअर देऊ की चिकोरी घालून, आणि दळायची कशासाठी? ऑनलाइन खरेदीत हे विचारायला कुणी नसतं. तिथे ही माहिती पाकिटावरूनच घ्यावी लागते. समजा, पाकिटावर छापलंय: मीडियम डार्क रोस्ट, कॉफी ७०%, चिकोरी ३०%, फिल्टर ग्राइंड.

यातला ७०:३० हा आकडा आधी पाहावा. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ. ते वाळवून, भाजून दळतात. त्यात कॅफीन अजिबात नसतं, पण पाण्यात ते कॉफीपेक्षा जास्त विरघळतं. म्हणून मिश्रणाचं डिकॉक्शन काळंभोर आणि दाट उतरतं, त्याला थोडी गोडसर कडवट चव येते आणि भरपूर दूध घातलं तरी ते फिकं पडत नाही. मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असलीच पाहिजे आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापलंच पाहिजे, असा आपल्याकडे नियम आहे.

भावाची तुलनाही याच आकड्यावरून करावी. २०० ग्रॅमच्या ७०:३० पाकिटात कॉफी १४० ग्रॅम असते, तर ५५:४५च्या पाकिटात ११० ग्रॅमच. दुसरं पाकीट स्वस्त दिसतं ते बहुतेक यामुळेच.

पाकिटावर 'प्युअर' लिहिलं असेल आणि शंका वाटत असेल, तर चिमूटभर पावडर ग्लासातल्या गार पाण्यावर भुरभुरावी. कॉफी तरंगत राहते. चिकोरी काही सेकंदांत बुडू लागते आणि जाताना तपकिरी रेघ सोडते. इन्स्टंट कॉफीला मात्र ही परीक्षा लागू पडत नाही, कारण ती मुळातच विरघळणारी असते.

रोस्टबद्दल एक गैरसमज आहे: डार्क म्हणजे कॅफीन जास्त. प्रत्यक्षात भाजण्याने कॅफीन फारसं बदलत नाही. बी जास्त भाजली की आंबटपणा कमी होतो आणि कडवटपणा वाढतो, एवढंच. दुधाच्या कॉफीला तो कडवटपणा मानवतो.

उरलं दळण. फिल्टर ग्राइंड बऱ्यापैकी बारीक असतं, म्हणून स्टीलच्या फिल्टरमधून डिकॉक्शन थेंबथेंब, पंधरा-वीस मिनिटांत उतरतं. हीच पावडर फ्रेंच प्रेसमध्ये घातली तर दांडा खाली जाताना अडतो आणि कपात गाळ येतो. तिथे जाड रव्यासारखी भरड पावडर हवी. उलट, ती भरड पावडर फिल्टरमध्ये टाकली तर पाणी भराभर खाली जातं आणि डिकॉक्शन पाणचट होतं.

७०:३० सोडून पहिल्यांदाच प्युअर कॉफी आणणाऱ्यांचीही तीच तक्रार असते. पाण्यात फुगून वाट अडवणारी चिकोरी आता नसते, शिवाय विरघळणारा ऐवजही कमी असतो. अशा वेळी दोन चमच्यांऐवजी तीन चमचे पावडर घ्यावी, वरच्या भांड्यातली चकती जरा दाबून बसवावी आणि पाणी तेवढंच ठेवावं.