विश्लेषण : ग्राहकाला पाठवायच्या ई-मेलमध्ये स्मायली चालते का?

मेल लिहून झालेला असतो. शेवटच्या ओळीशी बोट थांबते. हसरा चेहरा टाकावा की नको? व्हॉट्सअ‍ॅपवर हा प्रश्न सहसा पडत नाही. समोर ग्राहक किंवा वरिष्ठ असले की पडतो. ‘कामाच्या मेलमध्ये इमोजी नकोच’ हे उत्तर सोपे आहे, पण पुरेसे नाही. मेल कोणती बातमी घेऊन जातो आणि त्या बातमीची झळ कोणाला बसणार आहे, यावर बरेच काही ठरते.

मुळात स्मायलीची गरज का भासली?

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या सूचनाफलकावर लोक गमतीने लिहीत आणि वाचणारे ते खरे मानत. त्यावर तेथील संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी तोडगा सुचवला. गमतीच्या मजकुरापुढे :-) ही खूण करायची. म्हणजे ही खूण सजावटीसाठी आलेली नव्हती. लिहिताना आवाज आणि चेहरा हरवतो, त्याची ती भरपाई होती.

हरवते ते किती, याचा अंदाज लिहिणाऱ्याला येत नाही. जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना काही वाक्ये गंभीरपणे, तर काही उपरोधाने दुसऱ्यापर्यंत पोहोचवायची होती. शंभरातली साधारण ७८ वाक्ये बरोबर ओळखली जातील, असे पाठवणाऱ्यांना वाटले. आवाजावरून ७३ ओळखली गेली, ई-मेलवरून फक्त ५६. नाणेफेक करूनही जवळपास तेवढीच ओळखता आली असती. लिहिणाऱ्याला स्वतःचा सूर मनात ऐकू येत असतो. वाचणाऱ्याला तो येत नाही.

मग स्मायली टाकली की प्रश्न सुटतो?

अनोळखी माणसाला पाठवलेल्या औपचारिक मेलमध्ये सुटत नाही. इस्रायल आणि नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की अशा मेलमधल्या स्मायलीमुळे पाठवणारा अधिक आपुलकीचा वाटत नाही, उलट कामात कमी सक्षम वाटतो. प्रत्यक्ष भेटीतल्या हसऱ्या चेहऱ्याचा परिणाम असा होत नाही. वातावरण अनौपचारिक असेल तेव्हा मात्र हा तोटा दिसला नाही. म्हणून पहिल्या मेलमध्ये इमोजी टाळावी आणि ओळख झाल्यावर समोरच्याची पद्धत पाहावी, हे धोरण बरे. ग्राहकाने स्वतः दोन-तीनदा 🙂 पाठवली असेल, तर उत्तरात एखादी चालून जाते. वरिष्ठांच्या बाबतीत थोडे मागेच राहावे. साहेबांनी ‘ओके 👍’ लिहिले म्हणून कनिष्ठानेही त्यांच्या सूचनेला नुसत्या अंगठ्याने उत्तर द्यावे, असे नाही. ‘सूचना मिळाली, बुधवारी फाइल पाठवतो’ हे वाक्य लिहायला वेळ लागत नाही आणि त्यात माहितीही असते.

बातमी वाईट असेल तर?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नाशिकमधील एका कर सल्लागाराच्या कार्यालयाकडे एका कारखानदाराचे काम आहे. त्याचे मासिक जीएसटीआर-३बी विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरायचे होते. चूक कार्यालयाची, आणि ते २२ तारखेला भरले गेले. विलंब शुल्क रोज ५० रुपयांप्रमाणे १०० रुपये. रोखीने भरायचा कर चार लाख रुपये होता, त्यावर वार्षिक १८ टक्के दराने दोन दिवसांचे व्याज सुमारे ३९५ रुपये. एकूण ५०० रुपयांच्या आतला मामला. कार्यालयातील तरुण सहायक मेल लिहितो :

‘सर, या महिन्याचे रिटर्न दोन दिवस उशिरा भरले गेले 😅 पण देर आये दुरुस्त आये!! थोडी लेट फी लागेल. पुढच्या वेळी नक्की वेळेत!’

सहायकाच्या मनात ओशाळेपणा आहे. घाम आलेला हसरा चेहरा त्याने त्यासाठीच निवडला. कारखानदाराला मात्र त्यात आपल्या पैशांवर हसणारा माणूस दिसतो. त्यातून ‘थोडी’ म्हणजे किती आणि ती कोण भरणार, हेही मेलमध्ये नाही. पाचशे रुपयांचे कारखानदाराला फारसे वाटणार नाही, पण हे लोक तारखा गंमतीवारी नेतात, अशी शंका आली की पुढच्या वर्षी काम दुसऱ्याकडे जाऊ शकते. हाच मेल असा लिहिता येतो :

‘सर, या महिन्याचे जीएसटीआर-३बी २० ऐवजी २२ तारखेला भरले गेले. ही चूक आमच्या कार्यालयाची आहे, त्याबद्दल क्षमस्व. विलंब शुल्क १०० रुपये आणि व्याज सुमारे ३९५ रुपये होते. ही रक्कम आमच्या शुल्कातून वजा करू. पुढील महिन्यापासून १७ तारखेला आपल्याला तपासणीसाठी मसुदा मिळेल.’

दुसरा मेल रुक्ष नाही. ‘आमच्या कार्यालयाची चूक’ या शब्दांत जो नरमपणा आहे, तो इमोजीत नव्हता. याच कारखानदाराचा अडकलेला परतावा दोन महिन्यांनी मंजूर झाला, तर ‘अभिनंदन सर! परतावा मंजूर झाला’ हे उद्गारचिन्हासह खुशाल लिहावे. तिथे आनंद त्याचा आहे.

उद्गारचिन्हाचे काय?

मराठीत हे चिन्ह वाहवा, अरेरे, शाब्बास अशा उत्कट शब्दांसोबत येते. त्यामुळे ‘कागदपत्रे उद्यापर्यंत पाठवा!’ हे वाचताना दटावणी वाटते. इंग्रजीत, त्यातही अमेरिकी कार्यालयांत, ‘थँक्स!’ ही साधी रीत आहे. अमेरिकी ग्राहकाशी बोलणाऱ्या पुण्यातल्या अभियंत्याने ती पाळावी, पण तीच सवय मराठी मेलमध्ये आणू नये. आभार, अभिनंदन, स्वागत यांपुढे एक चिन्ह पुरे. तारीख, रक्कम, मागणी आणि चूक यांपुढे एकही नको.

विनोद कितपत?

आधीचा प्रयोग लक्षात घेता उपरोध वगळावाच. उरतो तो स्वतःवरचा किंवा दोघांनी एकत्र सोसलेल्या गोष्टीवरचा हलका विनोद. ‘कालच्या बैठकीत माझ्या इंटरनेटने मौनव्रत धरले, म्हणून मुद्दे लेखी पाठवतो’ हे चालेल, कारण त्यात गैरसोयीची जबाबदारी लिहिणारा स्वतःकडे घेतो. ग्राहकाच्या उशिरावर, त्याच्या गावावर, भाषेवर किंवा मालकावर केलेली कोटी चालणार नाही. मेल पुढे पाठवला जातो, हेही विसरू नये. ज्याच्याशी गट्टी आहे त्या व्यवस्थापकाला गंमत कळेल. त्याने तो लेखा विभागाला पाठवला की तिथल्या माणसाला ती आगाऊपणा वाटेल.

तांत्रिक आणि कायदेशीर अडचणी कोणत्या?

आउटलुकमध्ये टाइप केलेले :) आपोआप ‘विंगडिंग्ज’ या फाँटमधल्या चेहऱ्यात बदलत असे. ज्याच्याकडे तो फाँट दिसत नाही, त्याला चेहऱ्याच्या जागी नुसते J अक्षर दिसते. वाक्याच्या शेवटी आलेल्या अशा J ने अनेकांना बुचकळ्यात टाकले आहे.

अंगठ्याची गोष्ट जास्त गंभीर. कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात एका धान्य खरेदीदाराने जवसाच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला मोबाइलवर पाठवला आणि दुजोरा मागितला. शेतकऱ्याने 👍 पाठवली. माल आला नाही. ‘करार मिळाला, एवढेच मला म्हणायचे होते,’ हा शेतकऱ्याचा बचाव न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळला आणि ८२ हजारांहून अधिक कॅनेडियन डॉलर भरपाई द्यायला सांगितले. हा निकाल भारतातील न्यायालयांना बांधील नाही. तरीही ग्राहकाने दरपत्रक पाठवून ‘मान्य आहे का?’ असे विचारले असेल, तर ‘मिळाले, पाहून शुक्रवारपर्यंत कळवतो’ असे शब्दांत लिहिलेले बरे.