पाकिटावरील तीन अक्षरें

बोरिवलीच्या पश्चिमेस, मनोरीच्या खाडीपलीकडे असलेल्या गोराईस पूर्वी आलेल्या एका पत्राच्या पाकिटाचें छायाचित्र आपणांपुढें आहे, असें समजूं. तिकिटावर पोर्तुगालचा राजा कार्लुश याची मुद्रा, 'इंडिया' हें नांव आणि मुद्रेवर निराळ्या शाईनें मागाहून छापलेला 'रिपब्लिका' हा शब्द आहे. शिक्क्यांत 'नोव्हा गोवा', १४ हा आंकडा, ओ, यू, टी हीं तीन रोमन अक्षरें आणि सालाचे अर्धवट उमटलेले आंकडे दिसतात.

गोराई एके काळीं पोर्तुगेजांची होती, तेव्हां तिकीट तेथीलच असावें, असें कित्येकांस वाटतें. परंतु १७३९ सालीं वसई मराठ्यांनीं घेतली, तेव्हां या बाजूची पोर्तुगेज सत्ता सरली. आणि पोर्तुगेज हिंदुस्थानचें पहिलें तिकीट निघालें तें १८७१ सालीं. अर्थात् पत्र गोव्याहून आलें. 'नोव्हा गोवा' म्हणजे पणजी, हें शिक्काच सांगतो.

आतां काळ. राजाची मुद्रा आहे, म्हणून पत्र त्याच्या हयातींतील, असें म्हणणें घाईचें होईल. कार्लुश १९०८ सालीं मारला गेला. ५ ऑक्टोबर १९१० रोजीं पोर्तुगालांत प्रजासत्ताक स्थापन झालें आणि १९११ पासून राजाच्या मुद्रेच्या तिकिटांवर 'रिपब्लिका', म्हणजे प्रजासत्ताक, हा शब्द छापून तीं चालविण्यांत आलीं. म्हणून पत्र १९११ पूर्वीचें नव्हे. मात्र तिकीट एवढेंच सांगतें. तें पुढें किती वर्षांनीं चिकटविलें, हें त्यावरून कळत नाहीं.

त्यासाठीं शिक्क्याकडे वळावें. ओ, यू, टी हीं अक्षरें पाहून 'बाहेर जाणारी टपाल' असा इंग्रजी अर्थ लावण्याचा मोह होतो. पोर्तुगेज भाषेंत तें ऑक्टोबर महिन्याचें संक्षिप्त रूप आहे. याचप्रमाणें एस, ई, टी म्हणजे सप्टेंबर, ए, जी, ओ म्हणजे ऑगस्ट आणि डी, ई, झेड म्हणजे डिसेंबर. आपलें पत्र १४ ऑक्टोबरचें ठरलें. साल मात्र पाकिटाच्या मागील बाजूस मिळतें. तेथें मुंबईच्या टपालकचेरीचा पोहोंचल्याचा शिक्का १९ ऑक्टोबर, १२ साल असा असेल, तर पत्र १९१२ सालीं पणजीहून निघून पांच दिवसांत मुंबईस आलें. यास्तव संग्राहकानें दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें मागावीं.

शेवटीं एक कसोटी. शिक्क्याचें वर्तुळ तिकिटावरून सलग पाकिटाच्या कागदावर उतरलें आहे काय, हें पाहावें. तें तिकिटाच्या कडेशींच तुटत असेल, किंवा दोन्हीकडील रेषा जुळत नसतील, तर तिकीट मागाहून चिकटविल्याचा संशय घ्यावा. मग त्या तिकिटावरून काढलेली मर्यादा सोडून केवळ पाकिटावरील शिक्क्यांवर विसंबावें. कागदांतील जलचिन्ह आणि शाईची खरी छटा यांचा निर्णय मात्र छायाचित्रावरून करूं नये. त्यासाठीं मूळ पाकीटच हातीं घेतलें पाहिजे.