स्वप्नात तेच अनोळखी ठिकाण पुन्हा पुन्हा का दिसतं?

काही जणांना वर्षानुवर्षं स्वप्नात एकच जागा दिसते. जागेपणी ती कधी पाहिलेली नसते, पण स्वप्नात तिथले रस्ते पाठ असतात. कुठे वळलं की जिना येतो, कोणत्या दाराआड पाणी आहे, हे आधीच ठाऊक असतं. कोणी याला मागच्या जन्मीचं गाव म्हणतं. मेंदूविज्ञानाचं उत्तर मात्र याच जन्मातलं आहे.

जागा कुठून येते?

पनवेलचं उदाहरण घेऊ. समजा, जुन्या पनवेलमध्ये वाढलेल्या एका बाईंना नेहमी एक गाव दिसतं. तलावाच्या काठाला लागून एक वाडा, त्याच्या लाकडी जिन्यावरून थेट रेल्वेचा पादचारी पूल, आणि पुलाच्या टोकाला एक उंच सुळका. असं गाव नकाशावर नाही. पण तलाव वडाळे तलावासारखा आहे, जिना आजोळच्या वाड्याचा, पूल पनवेल स्थानकाचा, आणि सुळका मुंबई-गोवा महामार्गावरून दिसणाऱ्या कर्नाळ्याचा. प्रत्येक तुकडा ओळखीचा आहे, फक्त जोडणी नवी आहे. म्हणून जागा एकाच वेळी अनोळखी आणि आपली वाटते.

जोडणी कोण करतं?

मेंदूत कानाच्या पातळीला, आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. 1971 मध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्हस्की यांना उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर एका ठराविक जागी आला की सक्रिय होतात. या ‘स्थळपेशीं’च्या शोधासाठी ओकीफ यांना 2014 चं नोबेल मिळालं. 1994 मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी दाखवलं की जागेपणी फिरताना ज्या स्थळपेशी एकत्र सक्रिय झाल्या होत्या, त्या नंतरच्या झोपेतही एकत्र सक्रिय होतात. म्हणजे शरीर पडून असतानाही मेंदूतला नकाशा चाळला जातो.

हाच भाग न पाहिलेल्या जागाही रचतो. 2007 मध्ये लंडनमध्ये डेमिस हसाबिस आणि सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या रुग्णांना समुद्रकिनाऱ्यासारखी दृश्यं कल्पून वर्णन करायला सांगितलं. बहुतेकांना वाळू, पाणी, आकाश असे सुटे तुकडे सांगता आले, पण त्यांची सलग जागा बांधता आली नाही.

मग दर वेळी तीच जागा का?

यावर अंतिम उत्तर नाही, पण एक स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. स्वप्नाला काही घडवायला आधी जमीन लागते. एकदा बनलेली जोडणी जाग आल्यावर आठवली, कोणाला सांगितली, की ती पक्की होते. मग पुढे तलाव किंवा जिना यांपैकी एक तुकडा जरी जागा झाला, तरी बाकीचा नकाशा त्याच्यामागून येतो. पायवाट चालून चालून रुळते, तसंच हे. म्हणूनच स्वप्नातली माणसं आणि प्रसंग बदलतात, पण गाव तेच राहतं.

खरंच तीच जागा असते का?

दुसरीही शक्यता आहे. ‘मी इथे आधी आलोय’ ही ओळखीची भावना मेंदू आठवणीशिवायही निर्माण करू शकतो. जागेपणी आपल्याला पहिल्यांदाच पाहिलेलं घर ओळखीचं वाटतं, ते असंच. तेव्हा जागा नवी, पण भावना जुनी, असंही स्वप्नात होऊ शकतं.

हे तपासायचा घरगुती उपाय आहे. स्वप्न पडल्यावर उठल्या उठल्या, कोणाशी बोलण्याआधी, कागदावर जागेचा नकाशा काढावा. कुठून आत शिरलो, डावीकडे काय, उजवीकडे काय, पाणी कुठे, चढ कुठे. तारीख टाकून तो पाकिटात बंद करावा आणि पुढचा नकाशा काढताना जुना पाहू नये. पाच-सहा जमले की एकत्र उघडावेत.

आपल्या उदाहरणातल्या बाईंच्या सगळ्या कागदांवर तलाव डावीकडे आणि पूल जिन्यानंतरच असेल, तर त्यांच्याकडे टिकून राहिलेला नकाशा आहे. एका कागदावर तलाव, दुसऱ्यावर विहीर, तिसऱ्यावर नुसता पाऊस असेल, तर परत येत होती ती जागा नव्हे, ओळखीची भावना. या तपासणीला मर्यादाही आहे. काढलेला नकाशा डोक्यात राहतो आणि पुढच्या स्वप्नाला वळण देऊ शकतो. म्हणून सगळ्यात भरवशाचे कागद पहिले दोन-तीन.

ती जागा दर वेळी भीतीच घेऊन येत असेल आणि झोपायचीच धास्ती वाटू लागली असेल, तर मात्र नकाशे काढत न बसता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांवर उपचार आहेत. त्यातल्या एका पद्धतीत स्वप्नाचा शेवट जागेपणी बदलून रोज मनात घोळवायला सांगतात.